डॉक्युमेंटरीत जुनं फुटेज वापरायचंय? ४० सेकंदांच्या एका क्लिपवरून सगळं समजून घ्या

पहिली डॉक्युमेंटरी करणारे बरेच जण आर्काइव्हचं काम शेवटाला ठेवतात. नेटवरून क्लिप उतरवायची, एडिटमध्ये टाकायची, सीन जमला की मग "राइट्सचं बघू नंतर". तोपर्यंत सगळी टीम त्या शॉटच्या प्रेमात पडलेली असते, आणि मग कळतं की चांगली कॉपी मिळत नाही, किंवा मिळते पण तिचा फ्रेम रेटच वेगळा आहे, किंवा मालक कोण तेच कोणाला सांगता येत नाही. म्हणून इथे एकच क्लिप धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊया.

समजा तुमच्या फिल्ममध्ये एका मोठ्या पुलाचा इतिहास आहे आणि तुम्हाला त्याच्या उद्घाटनाचं १९५० च्या दशकातलं ब्लॅक अँड व्हाइट न्यूजरील, म्हणजे तेव्हा थिएटरमध्ये दाखवली जायची ती बातम्यांची फिल्म, सापडलंय. ४० सेकंद. फीत कापली जाते, कबुतरं सोडली जातात, पहिली गाडी पुलावरून जाते, वर निवेदकाचा आवाज आणि बँडचं संगीत. फाइल ६४० बाय ४८० ची, कोपऱ्यात कोणाचातरी वॉटरमार्क. तुमची टाइमलाइन १९२० बाय १०८०, २५ फ्रेम.

आधी शोधा की ही क्लिप आली कुठून

नेटवर मिळालेली फाइल हा फक्त पत्ता समजा, फुटेज नाही. ज्याने अपलोड केली त्याच्याकडे ती कशी आली कोणाला माहीत, आणि त्याने खाली लिहिलेली तारीख आणि ठिकाण पण चुकीचं असू शकतं.

पहिल्यांदा क्लिपच्या सुरुवातीचं आणि शेवटचं टायटल कार्ड बघा. न्यूजरील असेल तर कंपनीचं नाव, अंक क्रमांक, कधीकधी रीळ नंबर मिळतो. हा नंबर सोन्यासारखा, कारण आर्काइव्हच्या कॅटलॉगमध्ये वर्णन चुकीचं असू शकतं पण रीळ नंबर सहसा बरोबर असतो. नंबर नसेल तर कॅटलॉगमध्ये शब्दांनी शोधायचं, आणि इथे लक्षात ठेवा की कॅटलॉग लिहिणाऱ्याने त्याच्या काळातली नावं वापरलेली असतात. श्रीलंका शोधून काही मिळालं नाही तर सिलोन टाका, बीजिंग ऐवजी पेकिंग, सेंट पीटर्सबर्ग ऐवजी लेनिनग्राड. पुलाचं आजचं नाव टाकण्यापेक्षा नदीचं नाव, "उद्घाटन", आणि कोणत्या मंत्र्याने किंवा राजाने फीत कापली त्याचं नाव टाकलं तर जास्त सापडतं, कारण त्या काळच्या बातमीत पूल दुय्यम आणि माणूस मुख्य असायचा.

आर्काइव्हला लिहिताना शॉटलिस्ट आणि कॅमेरामनचं डोप शीट आहे का ते नक्की विचारा. डोप शीट म्हणजे शूट करून रीळ पाठवताना कॅमेरामनने सोबत लिहिलेला कागद, कुठे, कधी, कोण, कोणता शॉट. याची गरज यासाठी की न्यूजरीलवाले जुने शॉट सर्रास परत वापरायचे. गर्दीचा शॉट दुसऱ्याच कार्यक्रमाचा असू शकतो. डोप शीटमध्ये कबुतरांचा उल्लेख नाही आणि त्या एकाच शॉटमध्ये सावल्या लांब आहेत, बाकी सगळं भर दुपारचं दिसतंय, तर शंका घ्या. डॉक्युमेंटरीत तुम्ही प्रेक्षकाला सांगताय की हे त्या दिवशी घडलं, मग ते खरंच त्या दिवशीचं असायला हवं.

प्रत्यक्ष रीळ बघायला मिळत असेल तर फिल्मच्या कडेला छापलेल्या खुणा बघा. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण असे छोटे आकार असतात, त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. फक्त हे कोड साधारण २० वर्षांनी परत तेच यायचे, आणि ते वर्ष फिल्म कारखान्यातून निघाल्याचं, शूटिंगचं नाही. त्यामुळे "या वर्षाच्या आधी शूट झालेलं असू शकत नाही" एवढंच यातून पक्कं म्हणता येतं.

कोणती कॉपी मागायची

हा प्रश्न नवीन लोक विचारतच नाहीत आणि मला वाटतं की पूर्ण कामात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आर्काइव्ह विचारेल "मास्टर हवा का?" आणि तुम्ही हो म्हणाल. पण मास्टर म्हणजे त्यांच्याकडे जे पटकन देता येतं ते, आणि बऱ्याचदा ती १९८०-९० च्या दशकात टेपवर केलेल्या ट्रान्सफरची फाइल असते. त्याच शेल्फवर मूळ ३५ मिमी निगेटिव्ह किंवा १६ मिमी प्रिंट पडलेली असू शकते आणि ती कोणी मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.

म्हणून सरळ विचारा: तुमच्याकडे या रिळाचं सगळ्यात जुन्या पिढीचं मटेरियल कोणतं आहे, निगेटिव्ह की प्रिंट, किती मिमी, आवाज सोबत आहे का, आत्ताची फाइल कशावरून आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये केली, आणि नवीन स्कॅन करून मिळेल का, त्याला किती वेळ लागेल. नवीन स्कॅन होणार असेल तर ओव्हरस्कॅन मागा, म्हणजे फ्रेमच्या चारी बाजूंच्या कडा आणि भोकं पण दिसतील असा. त्याचा उपयोग पुढे सांगते. फिल्मवर ओरखडे खूप असतील तर वेट गेट स्कॅन होतं का ते विचारा, त्यात फिल्म एका द्रवातून जाते, तो द्रव फिल्मच्या पाठीकडच्या ओरखड्यांमध्ये भरतो आणि ते जवळजवळ दिसेनासे होतात. चित्राच्या बाजूला खोल ओरखडा असेल तर मात्र तिथली इमेजच गेलेली असते, द्रव ती परत आणू शकत नाही.

आर्काइव्हने व्हिनेगर सिंड्रोम म्हटलं तर समजून घ्या की ॲसिटेट फिल्म सडायला लागलीय, आंबट वास येतो, फिल्म आकसते आणि साध्या मशीनवर चालत नाही. असं रीळ स्कॅन करायचं तर ते काम ओळखणाऱ्या लॅबकडेच. आणि तुमच्या हातात कोणाच्या घरातलं जुनं ३५ मिमी रीळ आलं आणि ते १९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं असेल तर ते नायट्रेट असू शकतं, म्हणजे भयंकर ज्वलनशील, आणि कोडॅकने ते बनवणं १९५१ मध्ये थांबवलं. प्रोजेक्टरवर लावायचं नाही, घरात ठेवायचं नाही, आर्काइव्हला फोन करायचा. १६ मिमी मात्र पहिल्यापासून सेफ्टी फिल्मच होती.

आपल्या उदाहरणात धरूया की आर्काइव्हकडे १६ मिमी प्रिंट आहे पण ती सध्या देता येत नाही, नवीन स्कॅनला वेळ लागणार, आणि त्यांनी आत्ता एका जुन्या एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, टेपची फाइल दिलीय. बहुतेकांच्या हातात हेच येतं म्हणून हेच घेऊ.

एडिट सुरू करताना

मास्टरच्या आधी सहसा स्क्रीनर येतो, लो रिझोल्यूशन, वॉटरमार्क आणि चित्रावर पळणारा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ सांगणारा आकडा. स्क्रीनरवरच एडिट करा पण त्या टाइमकोडला कधीही क्रॉप करू नका आणि फाइलचं नाव बदलू नका. एक साधी शीट करा: आर्काइव्हचं नाव, त्यांचा रीळ नंबर, तुमच्या फाइलचं नाव, वापरलेल्या भागाचा सोर्स टाइमकोड इन आणि आउट, तुमच्या फिल्ममध्ये तो कुठे येतो, राइट्सची स्थिती. कंटाळवाणं वाटतं पण लायसन्सचं बिल याच शीटवरून बनतं, आणि मास्टर येतो तेव्हा स्क्रीनरच्या जागी तो याच टाइमकोडने बसतो. इथे एक गोष्ट बिघडू शकते: स्क्रीनर २५ फ्रेमचा बनवलेला असतो आणि मास्टर २९.९७ चा, मग रिलिंक केल्यावर शॉट काही फ्रेम पुढेमागे सरकतात. त्यामुळे रिलिंकवर भरवसा न ठेवता प्रत्येक शॉटची पहिली आणि शेवटची फ्रेम डोळ्यांनी जुळवून बघा.

फ्रेम रेट आणि त्या दातेरी रेषा

मास्टर आला की आधी टाइमलाइनवर टाकू नका. आधी ffmpeg या फुकट प्रोग्रामसोबत येणाऱ्या ffprobe ने टर्मिनलमध्ये बघा की फाइल स्वतःबद्दल काय सांगते.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=width,height,sample_aspect_ratio,r_frame_rate,field_order pul_master.mov
```

आपल्या फाइलमध्ये ७२० बाय ४८०, २९.९७ आणि इंटरलेस्ड दिसेल, म्हणजे प्रत्येक फ्रेम एक आड एक रेषांच्या दोन भागांत साठवलेली. पण फाइल खोटं पण बोलते, म्हणून ज्या शॉटमध्ये हालचाल आहे, म्हणजे गाडी पुलावरून जाते तो, एकेक फ्रेम पुढे नेत बघा. हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या दातेरी रेषा दिसतील. आता मोजा. पाचपैकी तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन दातेरी, परत तीन स्वच्छ दोन दातेरी, असा ठेका दिसला तर ही मुळात २४ फ्रेमची फिल्म आहे आणि टेपवर नेताना तिच्या फ्रेम वाटून २९.९७ केल्यात, याला पुलडाउन म्हणतात. हलणारी प्रत्येक फ्रेम दातेरी असेल तर ते मुळातच व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालेलं आहे.

हा फरक का महत्त्वाचा, तर पहिल्या केसमध्ये मूळ २४ फ्रेम जशाच्या तशा परत मिळवता येतात. साधं डीइंटरलेस केलं तर चित्राची उभी बारकाई जाते आणि हालचालीतला अडखळेपणा तसाच राहतो. आणि काहीच न करता २५ च्या टाइमलाइनवर टाकलं तर सॉफ्टवेअर फ्रेम एकमेकांत मिसळतं आणि गाडीच्या चाकाला दोन भुतासारख्या कडा येतात. प्रोग्राम एकदा असा एक्सपोर्ट झाला की ते परत सुटं करता येत नाही.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर हे चालवा, हालचालीच्या भागावर, -ss नंतर तो भाग सुरू होतो तो सेकंद लिहून:

```
ffmpeg -ss 15 -i pul_master.mov -vf idet -frames:v 600 -an -f null -
```

शेवटी जी Multi frame ओळ येते त्यात ६०० पैकी साधारण ३६० प्रोग्रेसिव्ह आणि २४० इंटरलेस्ड असा आकडा आला तर पुलडाउनच. मग तो काढायचा:

```
ffmpeg -i pul_master.mov -vf "fieldmatch,yadif=deint=interlaced,decimate" -c:v prores_ks -profile:v 3 -c:a copy pul_24p.mov
```

यातून २३.९७६ ची स्वच्छ फाइल मिळते. एक अडचण येते, टेपवरच कोणी कट मारलेला असेल तर तो तीन-दोनचा ठेका कटवर तुटतो आणि तिथे एखादी चुकीची फ्रेम उडते, शॉटमध्ये छोटा झटका दिसतो. म्हणून आधी क्लिप शॉटनुसार तोडा आणि मग प्रत्येक शॉट वेगळा चालवा, ४० सेकंदांच्या क्लिपला हे काही फार नाही.

आता २५ च्या टाइमलाइनवर कसं बसवायचं. मला सगळ्यात बरा वाटणारा मार्ग म्हणजे फाइलला २५ म्हणून इंटरप्रिट करायचं, मग प्रत्येक मूळ फ्रेम एकदाच दिसते आणि हालचाल एकदम गुळगुळीत राहते. वेग साधारण ४ टक्क्यांनी वाढतो, ४० सेकंदांची क्लिप ३८.४ सेकंदांची होते. चित्रात हे कोणाला कळत नाही पण आवाज किंचित चढतो, त्यामुळे निवेदन वापरणार असाल तर त्याचा पिच खाली आणावा लागतो.

मूक फिल्म असेल तर वेगळं गणित. तिथे १६ किंवा १८ फ्रेम प्रति सेकंद साधारण धरतात, पण कॅमेरा हाताने फिरवलेला असेल तर एकाच रिळात वेग बदलतो. २४ ला चालवली की लोक तुरुतुरु पळतात आणि सगळा प्रसंग विनोदी वाटतो, जे त्या माणसांवर अन्याय आहे. चालणारा माणूस, फडकणारा झेंडा, खाली पडणारी वस्तू बघत वेग कमी करत जा आणि नैसर्गिक वाटेल तिथे थांबा. जास्तीच्या फ्रेम मूळ फ्रेमच परत दाखवून भरा, मिसळून नको.

४:३ चं चित्र १६:९ मध्ये

पहिलं काम फ्रेमिंगचं नसून माणसं जाडी किंवा बारीक दिसतायत का ते बघण्याचं. एनटीएससीची ७२० बाय ४८० ची फाइल चौकोनी पिक्सेल धरून उघडली तर सगळं आडवं ताणलेलं दिसतं, पाल या भारत आणि युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीची ७२० बाय ५७६ ची उघडली तर सगळं अरुंद. दोन्ही मुळात ४:३ च आहेत, म्हणजे चौकोनी पिक्सेलमध्ये ६४० बाय ४८० आणि ७६८ बाय ५७६. खात्री करायची तर क्लिपमध्ये समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा, आपल्या क्लिपमध्ये बँडचा मोठा ढोल आहे, त्याची उंची आणि रुंदी मोजा. सारखी आली पाहिजे. फुटेज आधीच्या एखाद्या टीव्ही प्रोग्राममधून आलं असेल तर ते १६:९ मध्ये ताणून बसवलेलं असू शकतं, ते रुंदी ७५ टक्के केली की सरळ होतं. पण वरून खालून कापून १६:९ केलेलं असेल तर गेलेलं गेलं, आर्काइव्हकडे न कापलेली कॉपी मागायची.

मग बसवायचं. १०८० उंचीत ४:३ चं चित्र १४४० रुंद येतं, दोन्ही बाजूंना २४० ची काळी पट्टी. पूर्ण स्क्रीन भरायची तर चित्र १९२० बाय १४४० करावं लागतं आणि वरून खालून मिळून ३६० रेषा कापाव्या लागतात, म्हणजे चित्राचा पाव भाग. शिवाय आपल्या ४८० रेषांच्या टेपला पट्टीसकट बसवताना सव्वादोन पट मोठं करावं लागतं, स्क्रीन भरताना तिप्पट. पिक्सेल फाटलेले दिसतात ते यामुळे.

माझं स्पष्ट मत आहे की पट्ट्या ठेवा. कॅमेरामनने ती फ्रेम विचार करून लावलेली असते, फीत कापणाऱ्याची टोपी आणि मागचा पुलाचा मनोरा दोन्ही एकत्र दिसावेत म्हणून तो मागे सरकलाय, तुम्ही कापल्यावर एकतर डोकं जातं नाहीतर फीत. पट्टीच्या जागी त्याच चित्राची धूसर मोठी कॉपी लावायची पद्धत आहे, ती टीव्ही बातम्यांत चालत असेल पण डॉक्युमेंटरीत सतत हलणारा धूर बाजूला ठेवला की नजर मधल्या माणसांवर टिकत नाही. एखादा शॉट अगदीच भरायचा असेल तर सगळीकडे मधून न कापता शॉटप्रमाणे वर खाली सरकवून ठरवा. आणि जो काही नियम असेल तो एडिटच्या सुरुवातीलाच ठरवा, एका सीनमध्ये पट्टी आणि पुढच्यात नाही असं झालं की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर येतो.

टेपच्या कडांना कचरा असतो तो मात्र काढा, डाव्या उजव्या बाजूची बारीक काळी रेघ, वर पांढरे ठिपके, व्हीएचएस असेल तर तळाला फाटलेल्या रेषा. जुन्या टीव्हीवर हे दिसायचं नाही, आता दिसतं. थोडं मोठं करून किंवा मास्क लावून झाकलं की झालं.

साफसफाई किती करायची

आधी डाग वाचायला शिका. प्रिंटमध्ये पांढरे ठिपके दिसतायत तर धूळ निगेटिव्हवर होती आणि ती छापली गेली, काळे ठिपके असतील तर धूळ या प्रिंटवर बसलीय. काळे ठिपके फिल्म धुवून स्कॅन केली तर बरेचसे जातात, म्हणजे ते सॉफ्टवेअरने काढत बसण्याआधी आर्काइव्हला विचारावं. पांढरे फक्त डिजिटलीच काढता येतात, किंवा मूळ निगेटिव्ह सापडली तर.

क्रम असा ठेवा: शॉट सुटे करून पुलडाउन काढून झाल्यावरच सुरुवात, मग प्रकाशाचा फडफडाट म्हणजे फ्लिकर, मग चित्राचं थरथरणं, मग धूळ, मग उभे ओरखडे, आणि ग्रेडिंग सगळ्यात शेवटी. कारण धूळ काढणारं टूल शेजारच्या फ्रेमशी तुलना करून ठरवतं की हा ठिपका परका आहे, आणि फ्रेम उजेडाने किंवा जागेने वेगळ्या असतील तर त्याला सगळंच परकं वाटतं.

थरथर काढताना ओव्हरस्कॅन कामाला येतो. फिल्म मशीनमध्ये हलल्यामुळे झालेली थरथर भोकांवरून दुरुस्त होते, आणि कॅमेरामनच्या हाताची हालचाल तशीच राहते. भोकं दिसत नसतील आणि तुम्ही चित्रावरूनच स्टॅबिलाइझ केलं तर गर्दीत उभा राहून हातात कॅमेरा धरलेल्या माणसाचा शॉट ट्रायपॉडवरचा वाटायला लागतो, ते टाळा, जोर अगदी कमी ठेवा.

आता कबुतरं. धूळ काढणाऱ्या टूलला एका फ्रेममध्ये असलेली आणि पुढच्यात नसलेली छोटी पांढरी गोष्ट म्हणजे धूळ वाटते. उडणारं कबुतर अगदी तसंच असतं. पावसाचे थेंब, ठिणग्या, उडालेला चेंडू, सगळं असंच गायब होतं, आणि गंमत म्हणजे चालू शॉटमध्ये हे पटकन लक्षात पण येत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: साफ केलेल्या शॉटवर मूळ शॉट ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा. स्क्रीन काळी होईल आणि जे काढलं गेलं तेवढंच चमकेल. फक्त विखुरलेले ठिपके आणि रेघा दिसल्या तर छान. त्यात पंख, चेहऱ्याच्या कडा, हाताची बोटं ओळखू यायला लागली तर टूलचा जोर कमी करा, किंवा तेवढा भाग मास्कने वगळा.

ग्रेनला हात लावू नका असं मी म्हणेन. ग्रेन म्हणजे घाण नाही, चित्र त्याचंच बनलंय, काढलं की चेहरे मेणाचे होतात. जुनी रंगीत प्रिंट गुलाबी पडलेली असेल तर त्यातला निळसर हिरवा रंग उडालाय, थोडाफार बॅलन्स परत आणता येतो, पण जो रंग फिल्मवर उरलाच नाही तो ग्रेडिंगमधून येणार नाही.

आवाजाबद्दल एवढंच, न्यूजरीलमधला टाळ्यांचा आणि बँडचा आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत लावलेला असतो. त्यामुळे "त्या दिवशीचा आवाज" म्हणून तो वापरू नका. मी शक्यतो चित्र मूक घेते, आणि निवेदन ठेवायचं तर ते त्या काळाचा सरकारी किंवा कंपनीचा सूर म्हणून, प्रेक्षकाला तसं कळेल अशा पद्धतीने.

राइट्स

शेवटी लिहितेय पण पहिला ईमेल पाठवताना हे सोबतच सुरू करायचं. रीळ ज्याच्या शेल्फवर आहे तो त्याचा कॉपीराइट मालक असेलच असं नाही. आर्काइव्हला लेखी विचारा: तुम्ही हक्कांचे मालक आहात, मालकाच्या वतीने लायसन्स देता, की फक्त कॉपी देताय? तिसरं उत्तर आलं तर त्यांना दिलेले पैसे फक्त फाइलचे आहेत, परवानगी वेगळी आणायची आहे.

आपल्या ४० सेकंदांत हक्कांचे निदान तीन थर आहेत. चित्र आणि निवेदन न्यूजरील कंपनीचं. बँड वाजवतोय ते गाणं कोणाचंतरी, आणि रेकॉर्डिंग आणखी कोणाचंतरी. आणि फ्रेममधली माणसं, ज्यांच्या चेहऱ्याचा जाहिरातीसारखा वापर केला तर बऱ्याच देशांत प्रश्न येतो. संगीत काढून टाकलं की एक थर गेला, मूक घेण्याचा हा पण फायदा.

"पब्लिक डोमेन आहे" असं नेटवर लिहिलेलं दिसलं तर का आहे ते विचारा. अमेरिकेत फेडरल सरकारने स्वतः बनवलेल्या फिल्मला तिथे कॉपीराइट नाही, पण तेच लॉजिक दुसऱ्या देशाच्या सरकारी फिल्मला लावू नका, बऱ्याच ठिकाणी सरकारी कामालाही कॉपीराइट असतो, भारतात ६० वर्षं. युनिव्हर्सल न्यूजरील, जे १९२९ ते १९६७ चाललं, ते कंपनीने अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जला दिलं आणि वापरावर कॉपीराइटचं बंधन ठेवलं नाही, पण आतल्या एखाद्या गोष्टीवर दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो हे तिथेही लागू आहे. फिल्म एका देशात मोकळी आणि दुसऱ्यात बंद हे नेहमी होतं, आणि तुम्ही जिथे जिथे दाखवणार तिथला कायदा लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लेबल असेल तर अपलोड करणारा खरंच मालक आहे का बघा, आणि लेबलमध्ये ND असेल तर कापून वापरणंच चालत नाही, NC असेल तर व्यावसायिक वापर नाही.

फेअर यूज किंवा फेअर डीलिंग म्हणजे काही कारणांसाठी परवानगीशिवाय वापरायची कायद्यातली सूट, पण तो "थोडंसंच वापरलं" असा नियम नाही. सेकंदांचा सुरक्षित आकडा कुठेच नाही. तुमची फिल्म जर त्या न्यूजरीलच्या निवेदनावरच बोलत असेल, बघा कामगारांच्या मृत्यूबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही असं दाखवत असेल, तर बाजू मजबूत. पूल सुंदर दिसतो म्हणून इंटरव्ह्यूवर झाकायला लावलं असेल तर कमकुवत. देशानुसार खूप फरक आहे, म्हणून यावर अवलंबून राहायचं तर वकिलाचं लेखी मत घ्या, वितरक आणि इन्शुरन्सवाले ते मागतातच.

लायसन्सच्या कागदात चार गोष्टी वाचायच्या: कोणत्या माध्यमात, कोणत्या देशांत, किती वर्षांसाठी, किती सेकंद. यातली वर्षं सगळ्यात घातक. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीवरची आईज ऑन द प्राइझ ही मालिका १९८७ मध्ये आली, आणि फुटेज, फोटो, संगीताची लायसन्स मुदतीची असल्यामुळे ती १९९० च्या दशकात दाखवता येईनाशी झाली. सगळे हक्क परत मिळवून ती २००६ मध्ये टीव्हीवर परतली. बजेट नसेल तर आधी फक्त फेस्टिव्हलचं लायसन्स घ्या, पण त्याच कागदावर "सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी" याचा दर आजच लिहून घ्या, म्हणजे फिल्म विकली गेल्यावर दर वाढणार नाही.

मालक सापडतच नसेल तर कुठे कुठे शोधलं, कोणाला लिहिलं, काय उत्तर आलं याची तारखेसह फाइल ठेवा. त्याने परवानगी मिळत नाही पण उद्या मालक समोर आला तर तुम्ही प्रामाणिकपणे शोधलं होतं हे दाखवता येतं, आणि काही देशांत अशा अनाथ कामांसाठी अर्ज करायची सोय आहे तिथे हीच फाइल लागते.

बरेच आर्काइव्ह सेकंदावर पैसे लावतात आणि कमीत कमी सेकंदांची अट ठेवतात, म्हणजे ३ सेकंद वापरले तरी बिल जास्तीचं येऊ शकतं. म्हणून पिक्चर लॉक, म्हणजे एडिट पक्कं, झाल्यावरच शेवटचे सेकंद कळवा, आणि तोच शॉट दोनदा आला तर दोनदा मोजतात का ते आधी विचारा. मास्टर मागवताना शॉटच्या दोन्ही बाजूंना एकेक सेकंद जास्त घ्या, डिझॉल्व्हला लागतात. वेग बदलला असेल तर बिल मूळ सेकंदांवर की स्क्रीनवरच्या, हे पण कागदावर असावं, आपल्या क्लिपमध्ये ४० आणि ३८.४ चा फरक आहे. ट्रेलर आणि पोस्टर बहुतेक वेळा लायसन्समध्ये धरलेले नसतात, कबुतरांचा तो शॉट ट्रेलरमध्ये हवाच असणार, तेव्हा तो आत्ताच कागदात घाला, आणि क्रेडिटची ओळ त्यांनी दिलीय तशीच, त्याच स्पेलिंगमध्ये, शेवटच्या टायटल्समध्ये टाका.